एका अनुस्वाराची जात: कादंबरीतली नावं आणि हाका कशा वाचायच्या

आधी ही दोन वाक्यं वाचा.

‘जानूने पायरीवर टोपली ठेवली.’
‘दत्तारामांनी सोप्यावरून मान वळवली.’

कथानक अजून सुरूही झालेलं नाही, पण कोण वर आणि कोण खाली हे वाचकाला समजलं. थोडं काम पायरी, टोपली आणि सोपा यांनी केलं. बाकीचं सगळं केलं ते ‘दत्तारामांनी’मधल्या ‘मां’वरच्या अनुस्वाराने. खात्री करायची असेल तर फक्त प्रत्यय बदला: ‘जानूंनी पायरीवर टोपली ठेवली. दत्तारामने सोप्यावरून मान वळवली.’ लगेच जानू हे गावातले कुणी वडीलधारे वाटू लागतात आणि दत्ताराम हा सोप्यावर लोळणारा घरचा पोरगा. टोपली तीच, पायरीही तीच.

मराठी कादंबरीकाराची अडचण इथून सुरू होते. इंग्रजीत निवेदक जमीनदाराला आणि मजुराला एकच सर्वनाम लावून मोकळा होतो. मराठीत ‘तो आला’ की ‘ते आले’, ‘ती म्हणाली’ की ‘त्या म्हणाल्या’, हे प्रत्येक वाक्याला ठरवावंच लागतं. पात्रं एकमेकांना काय म्हणतात ही पुढची गोष्ट झाली. आधी निवेदक कुणाला काय म्हणतो ते पाहायला हवं. जानू साठीचा आणि दत्ताराम पस्तिशीचा असूनही पहिल्याला ‘तो’ आणि दुसऱ्याला ‘ते’ लावलं असेल, तर निवेदक सोप्यावर बसून गोष्ट सांगतो आहे. काही लेखक हे समजून-उमजून करतात. पुष्कळांच्या हातून ते नकळत होतं, कारण त्यांच्या घरात तसंच बोललं जायचं.

नकळत झालंय की मुद्दाम, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मुद्दाम करणारा लेखक हा मान कधीतरी हलवतो. दत्तारामांची जमीन गेल्यावर निवेदकाचं ‘ते’ डळमळतं, किंवा जानूच्या मरणाच्या प्रकरणात एकदम ‘जानू गेले’ येतं. नकळत करणाऱ्याच्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अनुस्वार जागचा हलत नाही.

एक कादंबरी समोर धरू

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एक कादंबरी कल्पनेने उभी करू. गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं एक गाव, काळ 1958 ते 1977. दत्ताराम हा भाटकार, म्हणजे माडा-पोफळींच्या भाटाचा मालक. जानू त्याचा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा आणि त्या बदल्यात भाटाची राखण, पडेल ते काम करणारा. जानूचा मुलगा विठ्ठल, भाटकाराची मुलगी सुलक्षणा, जानूची बायको, आणि माडांची सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर बोस्त्यांव. एकूण सहा माणसं.

कोऱ्या कागदावर एक तक्ता आखायचा. आडव्या ओळींत बोलणारा, उभ्या रकान्यांत ज्याच्याशी बोलायचं तो. स्वतःला हाक मारायची नसल्यामुळे सहा माणसांचे 30 चौकोन होतात. ज्यांची कधी गाठच पडत नाही ते चौकोन सोडून द्या. साधारण वीस उरतात. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी लिहायच्या: समोर काय हाक मारतो, सर्वनाम कोणतं, आणि माघारी काय म्हणतो.

ही तिसरी नोंद बहुतेक जण गाळतात, आणि खरा मासला तिथेच असतो. जानू समोर असताना ‘भाटकार आयले’ म्हणेल. घरी चुलीपाशी बायकोला मात्र ‘भाटकार आयलो’ सांगेल. ‘आयले’चा ‘आयलो’ झाला की कळतं, तो मान होता की भीती होती. उलटंही पाहा. दत्ताराम समोर ‘जानू’ म्हणतो आणि पाहुण्यांपाशी ‘आमचो मुंडकार’. तिथे माणसाचं नावच गळून पडलं आणि उरला तो फक्त जमिनीशी असलेला संबंध.

तक्ता भरला की आरशासारखे चौकोन जोडीने पाहायचे: जानू दत्तारामला काय म्हणतो, दत्ताराम जानूला काय म्हणतो. अमेरिकेतल्या रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा अभ्यास करून जे मांडलं, ते इथे उपयोगी पडतं. दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर जवळीक, दोघं ‘तुम्ही’ म्हणत असतील तर अंतर किंवा अदब, आणि एक ‘तू’ तर दुसरा ‘तुम्ही’ म्हणत असेल तर सत्ता. थोडक्यात, नुसता ‘तू’ काहीच सांगत नाही. तो परत कसा येतो त्यावर सगळं आहे.

कोंकणीतला ‘तूं’ मराठीत आणताना

गोव्याच्या कादंबरीला आणखी एक अडसर आहे. गोव्यातल्या बहुसंख्य हिंदू घरांत बोलणं कोंकणीत आणि वाचन-लेखन मराठीत, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. त्यामुळे मराठीत लिहिलेल्या कादंबरीतली माणसं मनात कोंकणी बोलत असतात, आणि दोन्ही भाषांतला ‘तू’ एकाच वजनाचा नाही.

कोंकणीत ‘तूं’चा पल्ला मोठा. मुलगा आईला ‘आई, तूं जेवली?’ विचारतो, तसं नातू आजोबांना ‘आजा, तूं खंय गेल्लो?’ असं सहज विचारतो. त्यात उर्मटपणा नाही. पहिलं वाक्य मराठीत सरळ उतरतं, ‘आई, तू जेवलीस?’, कारण मराठीतही आईला ‘तू’च म्हणतात. दुसरं मात्र अडतं. ‘आजोबा, तू कुठे गेला होतास?’ असं लिहिलं तर पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला नातू लाडावलेला वाटतो. ‘तुम्ही कुठे गेला होता?’ लिहिलं तर गोव्याच्या वाचकाला ते घर परकं वाटतं, जणू आजोबांना शाळेतले गुरुजी करून टाकलं.

लेखक यावर तीन वाटा काढतात. संवाद कोंकणीतच ठेवायचे आणि निवेदन मराठीत करायचं, ही सगळ्यांत प्रामाणिक वाट. फक्त बाहेरच्या वाचकाला पहिली वीस-तीस पानं जड जातात. दुसरी वाट म्हणजे मराठी संवादांत कोंकणीचा ‘तू’ जसाच्या तसा ठेवायचा आणि पहिल्याच प्रकरणात वाचकाला त्याची सवय लावायची: एखाद्या प्रेमळ, निर्विवाद आदराच्या प्रसंगात नातवाच्या तोंडी ‘तू’ घातला की वाचक आपोआप समजतो, या घराची रीत अशी आहे. तिसरी वाट मराठी रीतीप्रमाणे ‘तुम्ही’ घालण्याची. ती सोपी आहे, पण महागात पडते. कारण पुढे जेव्हा विठ्ठल सुलक्षणाला ‘तूं’वरून ‘तुमी’वर नेतो, तेव्हा त्या बदलाचं काही वाटायला हवं, आणि आधीच सगळे सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत असतील तर काय वाटणार? मला दुसरी वाट बरी वाटते, पण ती धरली तर शेवटपर्यंत धरावी लागते.

एक गोष्ट मात्र मराठीत येतच नाही. कोंकणीत लहान किंवा तरुण मुलीला नपुंसकलिंग लावतात: ‘सुलू आयलें’, ‘तें घरा गेलें’. थोरल्या, संसारी बाईला ‘ती आयली’. म्हणजे सुलक्षणाच्या आईच्या तोंडचं ‘आयलें’ कधी ‘आयली’ झालं, एवढ्यावरून मुलगी घरच्यांच्या नजरेत कधी मोठी झाली ते सांगता येतं. मराठीत ‘सुलू आलं’ लिहिलं तर वाचक छापण्यातली चूक समजेल. तो बदल मग हाकेतून दाखवावा लागतो: ‘सुलू’ची ‘सुलक्षणा’.

‘विठ्या’ म्हणजे नक्की काय?

नावाला ‘-या’ जोडून केलेलं रूप, जसं विठ्या, राम्या, शंकऱ्या, हे मराठीतलं सर्वांत घसरडं हत्यार. आई ‘विठ्या’ म्हणते ती माया. सोबतीचा पोर ‘विठ्या’ म्हणतो ती बरोबरी. भाटकार सोप्यावरून ‘विठ्या’ म्हणतो ती जरब. अक्षरं तीच आहेत, मग वाचकाला फरक कसा कळतो? दोन गोष्टींवरून. पहिली, उलटी हाक काय आहे: सोबत्याला विठ्या ‘बाबल्या’ म्हणू शकतो, भाटकाराला ‘दत्त्या’ म्हणू शकत नाही. दुसरी, बोलणाऱ्याकडे त्याच माणसासाठी दुसरं नाव आहे का. आईकडे विठ्या, विठू, ‘माझो बाबू’ अशी तीन-चार नावं असतात आणि तिच्या मनाप्रमाणे ती बदलतात. रागात विठ्या, ताप आला की विठू. भाटकाराकडे एकच. माया नावं वाढवते. सत्तेला एकाच नावात भागवता येतं.

याच्या दुसऱ्या टोकाला मान देणारी शेपटं. देशावर राव, पंत, शेठ. गोव्यात ‘बाब’ आणि ‘बाय’. ‘दत्ताराम बाब’ म्हणणारा बहुधा गावातला बरोबरीचा किंवा किंचित खालचा माणूस असतो. अगदी खालचा ‘बाब’ही म्हणत नाही, तो ‘भाटकार’ म्हणतो, किंवा पोर्तुगीज अमलात रूढ झालेला ‘पात्रांव’ हा शब्द वापरतो. थोरली बहीण मात्र ‘दत्तू’ म्हणते. हा ‘दत्तू’ फार मोलाचा. सगळं गाव ज्याच्यापुढे वाकतं, त्याला एक म्हातारी बहीण सोप्यावर येऊन ‘दत्तू, चेडवाच्या लग्नाचें कितें?’ विचारते, तेव्हा भाटकारपणाची वस्त्रं एका शब्दात उतरतात. कादंबरीत ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला लहानपणच्या नावाने हाक मारणारं एक तरी माणूस जिवंत ठेवावं. ते मेलं की त्या सत्ताधाऱ्याच्या एकटेपणाबद्दल वेगळं काही लिहावं लागत नाही.

नातं आणि पद एकाच हाकेत बांधायची रीत तर गोव्याने राजकारणातही पाहिली आहे. 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर लोकांचे ‘भाऊसाहेब’ होते: अर्ध्या शब्दात घर, अर्ध्या शब्दात कचेरी. 1973 मध्ये त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर ‘ताई’ झाल्या. तिथे ‘साहेब’ लागलं नाही. बाईच्या हाती सत्ता आली तरी हाक नात्यातच राहिली. कादंबरीतल्या पुढारी बाईला काय म्हणायचं, हे ठरवताना यावर घटकाभर विचार करण्यासारखा आहे.

सुलूची सुलूबाय होते तेव्हा

आता तक्त्यातला एकच चौकोन जवळून पाहू: विठ्ठल आणि सुलक्षणा.

1958. दोघं आठ-नऊ वर्षांची. चिंचेच्या झाडाखाली खेळतात. ‘सुलू, तूं येता?’ ‘विठू, तूं चड.’ हाक सरळ जाते, सरळ येते. दोघांत काही फरक नाही असा वाचकाचा समज होऊ द्यायचा.

चार वर्षांनी विठूची आई त्याला पाटल्या दारी, भांडी घासता घासता सांगते, आता ‘सुलूबाय’ म्हण. कारण सांगत नाही. पुढच्या भेटीत विठू विचारतो, ‘सुलूबाय, तुमी येतात?’ ती हसते आणि म्हणते, ‘विठू, तूं पिसो मरे.’ ती ‘तूं’ आणि ‘विठू’वरच राहिली. तिला वाटतं काहीच बदललेलं नाही. आणि तिला तसं वाटतं हेच तर सगळं बदलल्याचं लक्षण. खालच्याला हाक बदलावी लागते, वरच्याला ती बदलल्याचं कळायचीही गरज नसते. लेखकाने इथे एक शब्दही समजावून सांगू नये. ‘विठूला वाईट वाटलं’ असं लिहिलं की प्रसंग पडलाच.

1970. विठ्ठल शिकून मराठी शाळेत मास्तर झाला आहे. गाव ‘विठ्ठल मास्तर’ म्हणतं. सुलक्षणा लग्न होऊन मडगावला गेली होती, ती माहेरपणाला आली आहे. वाटेत भेट होते. आता तिने काय म्हणायचं? ‘विठू’ म्हटलं तर जुना हक्क, ‘मास्तर’ म्हटलं तर चेष्टा, ‘विठ्ठल’ म्हटलं तर अनोळखी. ती म्हणते, ‘विठ्ठल, तुमी बरे आसात?’

इथे कच्चा वाचक खूश होतो: वा, मान मिळाला! जाणता वाचक थांबतो. कारण ‘तुमी’ने मान आला आणि त्याच क्षणी ‘विठू’ गेला. विठ्ठलाला आठ वर्षं ज्या बरोबरीची आस होती ती मिळाली, पण दोघांनीही ‘तूं’ म्हणून नव्हे, दोघांनीही ‘तुमी’ म्हणून. बरोबरीला दोन दारं असतात, एक जवळिकीचं आणि एक अंतराचं, आणि ही दोघं दुसऱ्या दाराने आत आली. तक्त्यात याची नोंद बाणाने करावी: विठू/तूं → विठ्ठल/तुमी, प्रकरण अमुक. एका जोडीच्या आयुष्यात असे दोन, फार तर तीन बाण पुरेत. प्रत्येक भेटीत हाक बदलली तर वाचक बदल मोजायचंच सोडून देतो.

हाकच न मारणं

भाटकाराची गोची याहून मोठी. विठ्या आता मास्तर आहे. ‘विठ्या’ म्हणणं शोभत नाही, ‘मास्तर’ जिभेवर येत नाही. अशा वेळी मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषा माणसाला एक चोरवाट देतात: कर्ता गाळून बोलण्याची.

‘काय, आज इकडे?’ यात क्रियापदच नाही, म्हणजे ‘आलास’ की ‘आलात’ हा प्रश्नच मिटला. ‘चहा झाला?’ यात कर्ता चहा. ‘शाळा कशी चाललीय?’ यात कर्ता शाळा. ‘बसावं’ म्हटलं की ‘बस’ही टळलं आणि ‘बसा’ही. दत्ताराम विठ्ठलाशी पानभर बोलतो आणि त्यात त्याला एकदाही हाक मारत नाही, एकदाही सर्वनाम वापरत नाही. असं पान लिहायला कठीण असतं. करून पाहा: पाच-सहा वाक्यांनंतर ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ निसटतोच. तो कुठे निसटतो ते लेखकाने ठरवलेलं असावं. उदाहरणार्थ, बोलणं भाटाच्या हद्दीवर येतं आणि दत्ताराम चिडून म्हणतो, ‘तुझ्या बापाला विचार.’ सगळी कसरत त्या एका ‘तुझ्या’त कोसळते.

वाचताना हे ओळखायचं कसं? एखादा संवाद विनाकारण कोरडा, तुटक वाटला तर त्यातली सर्वनामं मोजा. शून्य आली तर लेखकाचं काम समजा.

घरातही ही चोरवाट आहे, फक्त तिथे ती रीत म्हणून मान्य झालेली. नवऱ्याचं नाव न घेणारी बायको समोर ‘अहो’ आणि माघारी ‘हे’ म्हणते. ते वाचकाला माहीत असल्यामुळे त्यातून नवं काही कळत नाही. कळतं ते रीत मोडते तेव्हा.

कागदावरची नावं

आतापर्यंत तोंडच्या नावांचं झालं. कागदावरचं नाव ही वेगळीच सत्ता, आणि गोव्यात तर फारच.

पोर्तुगीज दफ्तरात शणैचं ‘सिनाय’ झालं, कामतचं ‘कामोतिम’, प्रभूचं ‘पोरोबो’. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज राजवट गेली आणि पुढे बऱ्याच घराण्यांनी जुनी रूपं टाकली. म्हणून कादंबरीत 1958 च्या नोटिशीवर ‘सिनाय’ आणि 1977 च्या अर्जावर दुसरं काही, असं आलं तर कालखंड न सांगता कळतो. बोस्त्यांवचं तसंच. इगर्जीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तो सेबास्तियांव. पाद्री त्याला तसं हाकारतो. माडावर, बाजारात, बायकोच्या तोंडी तो बोस्त्यांव. दुमिंग, कायतान, इनास, मिंगेल, रुजार ही सगळी अशीच वहीतून उतरून जिभेवर बसलेली नावं. बाहेरचा लेखक इथे हमखास चुकतो: त्याच्या पुस्तकात सूर काढणारा गडी घरच्यांच्या तोंडीही ‘सेबास्टियन’ असतो. ते ऐकलं की गोव्याचा वाचक पुस्तकावरचा विश्वास तिथेच सोडतो. तशीच चूक काळाची. 1958 च्या गावात मुलं कुणाला ‘अंकल’ म्हणत असतील तर तो माणूस नुकताच बोटीवरून परतलेला तारवटी तरी असावा, नाहीतर लेखक आजच्या फ्लॅटमध्ये बसलेला असावा.

आणखी एक चूक सांगून पुढे जातो, कारण ती सगळ्यांत जास्त दिसते. संवादात माणसं एकमेकांची नावं घेतच राहतात: ‘विठ्ठल, तुला माहीत आहे का?’ ‘हो सुलू, मला माहीत आहे.’ ‘मग विठ्ठल, तू काय करणार?’ समोरासमोर उभी दोन माणसं असं बोलत नाहीत. समोरचा ऐकत असताना त्याचं नाव घेतलं जातं ते दटावताना, विनवताना, नाहीतर लाडाने. बाकी वेळी ‘अरे’, ‘अगो’, ‘मरे’ यांवर भागतं. नाव दर ओळीला आलं की खऱ्या विनवणीच्या वेळी त्यात जोर उरत नाही. हस्तलिखित संगणकावर असेल तर प्रत्येक नाव शोधून पाहावं, अवतरणचिन्हांच्या आतलं किती वेळा येतं ते. एका प्रसंगात एकाच तोंडी तेच नाव दोनदा आलं तर एक काढता येतं का बघा. बहुधा येतं.

मामलेदाराच्या कचेरीत

आता शेवटचा प्रसंग. मुंडकारांना घरातून हुसकून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात 1975 मध्ये झाला. राहतं घर विकत घ्यायचा हक्क त्याने मुंडकाराला दिला आणि त्यासाठी अर्ज करायचा तो मामलेदाराकडे. आपल्या कादंबरीत जानू तोवर वारला आहे. 1977 मध्ये सुनावणीला एका बाकावर विठ्ठल आणि त्याची आई, दुसऱ्या बाकावर दत्ताराम.

शिपाई पुकारतो: ‘विठ्ठल जानू गावडे!’

तीनशे पानांत हे नाव असं सबंध कधीच आलेलं नाही, आणि येऊही द्यायचं नव्हतं. ते या ओळीसाठी राखून ठेवायचं. त्याच दमात शिपाई दुसऱ्या पक्षाचंही नाव पुकारतो, तितक्याच सपाट आवाजात, ‘बाब’ नाही, ‘भाटकार’ नाही. कचेरीत दोन्ही नावं एका मापाची झाली. दत्तारामांचा अनुस्वार गेला तो इथे. निवेदकाने पुढच्या वाक्यात ‘दत्ताराम उठला’ लिहावं की ‘दत्ताराम उठले’, हा लेखकाचा प्रश्न. ‘उठला’ लिहिलं तर निवेदकही कचेरीच्या बाजूचा झाला. ‘उठले’ लिहिलं तर तो जुन्या सवयीचा राहिला, आणि तेही खरं वाटू शकतं: जमीन सुटते, जीभ मागाहून सुटते.

तक्त्यात मात्र एक ओळ आणि एक रकाना अजून अर्धवट आहेत. जानूच्या बायकोला कोण काय म्हणतं? जानू ‘अगो’ म्हणतो. विठ्ठल ‘आई’. भाटकारीण ‘जानूची बायल’. गाव ‘विठूची आवय’. निवेदकही तेच म्हणत आला आहे. नाव कुठेच नाही. असा नाव नसलेला रकाना तक्ता आखल्याशिवाय सापडत नाही, आणि तो बहुतेक कादंबऱ्यांत सापडतो.

गोव्यात कुटुंबाच्या बाबतीत 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा आजही लागू आहे. त्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणून घराच्या व्यवहारात बाईचं नाव आणि सही लागते. कारकून मान वर न करता विचारतो, ‘नांव?’

ती गप्प. लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं तिचं नाव पार्वती. ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. त्याआधी सोळा वर्षं ती शेवंती होती, आणि त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. विठ्ठल तोंड उघडतो आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्या आईचं नाव आपण कधी उच्चारलेलंच नाही. कारकून टाक दौतीच्या कडेला निथळवतो आणि पुन्हा विचारतो. ती नाव सांगते. कारकून ते लिहून घेतो, कागद तिच्याकडे सरकवतो, शाईची गादी उघडून पुढे करतो.

ती अंगठा टेकवते. त्या वाक्याचा कर्ता म्हणून निवेदकाला पहिल्यांदाच दुसरा शब्द लिहावा लागणार असतो.